ईज ऑफ मूव्हमेंट (ईएमव्ही): भाव सहज चढला की रेटत रेटत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत चार्ट बघून शेअर घेणारे बरेच जण आहेत. त्यातले अर्धेअधिक मूळचे व्यापारी घरातले: डाळमिल, कापूस, केळी, सराफी. त्यामुळे भाव आणि माल यांचा संबंध त्यांना शिकवावा लागत नाही. अडते ते इंडिकेटरच्या गणितात आणि ते गणित कुठे दगा देते हे ओळखण्यात. ईएमव्हीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी उदाहरणांतले शेअर आणि भाव काल्पनिक घेतले आहेत.

ईएमव्ही नेमके काय मोजतो?

भाव किती हलला आणि तेवढा हलायला किती व्हॉल्यूम लागला, याचा तो हिशेब आहे. थोड्या व्हॉल्यूममध्ये भाव बराच वर गेला तर ईएमव्ही मोठा धन येतो. तेवढाच भाव चढायला ढीगभर शेअर फिरवावे लागले तर तो शून्याच्या जवळ येतो. घसरणीलाही हाच नियम, फक्त चिन्ह उणे. कन्नड घाट चढणारा ट्रक वर पोहोचला एवढे कळून मालकाचे भागत नाही, डिझेल किती जळले हेही तो विचारतो. ईएमव्ही भावाबद्दल तोच दुसरा प्रश्न विचारतो.

हे मोजमाप रिचर्ड आर्म्स या अमेरिकन विश्लेषकाचे. १९६७ मध्ये त्यांनी मांडलेला आर्म्स इंडेक्स, म्हणजे ट्रिन, अनेकांना ठाऊक असेल. त्यांनीच इक्विव्हॉल्यूम नावाचा चार्टही रूढ केला. त्यात प्रत्येक दिवसाची एक चौकट असते. तिची उंची म्हणजे दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यांतले अंतर, आणि रुंदी म्हणजे व्हॉल्यूम. उंच आणि सडपातळ चौकट म्हणजे भाव सहज हलला. बुटकी आणि रुंद चौकट म्हणजे खूप माल फिरला पण भाव जागचा हलेना. ईएमव्ही म्हणजे याच चौकटीचा आकार आकड्यात मांडणे. चौकट एकदा डोळ्यांसमोर आली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

गणित कसे करायचे? सोप्या आकड्यांत दाखवा.

तीन गोष्टी काढायच्या. पहिली, सरक: आजच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य वजा कालचा मध्य. दुसरी, पट्टा: आजचा उच्चांक वजा आजचा नीचांक. तिसरी, चौकट गुणोत्तर: व्हॉल्यूम भागिले पट्टा. सरकेला चौकट गुणोत्तराने भागले की त्या दिवसाचा ईएमव्ही मिळतो. व्हॉल्यूमचे आकडे अवाढव्य असतात म्हणून ते आपण लाखात घेऊ.

समजा एका शेअरचा सोमवारचा उच्चांक २०२ आणि नीचांक १९८ होता, म्हणजे मध्य २००. पुढचे पाच व्यवहार-दिवस असे गेले:

| दिवस | उच्चांक | नीचांक | मध्य | व्हॉल्यूम (लाख) | सरक | चौकट गुणोत्तर | ईएमव्ही |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मंगळ | २०६ | २०० | २०३ | ६ | +३ | १ | +३ |
| बुध | २०९ | २०३ | २०६ | २४ | +३ | ४ | +०.७५ |
| गुरू | २०८ | २०६ | २०७ | २० | +१ | १० | +०.१ |
| शुक्र | २०७ | १९९ | २०३ | ४ | −४ | ०.५ | −८ |
| सोम | २०५ | २०१ | २०३ | ५ | ० | १.२५ | ० |

मंगळवार आणि बुधवार शेजारी ठेवून बघा. दोन्ही दिवशी सरक तीन रुपये, पट्टा सहा रुपये. नुसती कॅण्डल पाहिली तर दोन्ही दिवस सारखेच चांगले वाटतील. पण बुधवारी त्याच तीन रुपयांसाठी चौपट शेअर फिरले, म्हणून ईएमव्ही पाव झाला. गुरुवारी वीस लाख शेअर फिरूनही पट्टा दोनच रुपयांचा राहिला. वर कोणीतरी विकत बसले होते आणि घेणाऱ्यांना पुढे सरकू देत नव्हते, असा त्याचा सरळ अर्थ. शुक्रवारी चारच लाख शेअरमध्ये भाव चार रुपये खाली आला.

या पाच दिवसांत भाव तर २०० वरून २०३ ला गेला. मग सरासरी ईएमव्ही उणे कसा?

बेरीज करा: ३ + ०.७५ + ०.१ − ८ + ० म्हणजे −४.१५. पाचाने भागले की −०.८३. भाव वाढला आणि ईएमव्ही उणे आला, यात गणिताची चूक नाही. हे इंडिकेटर जे सांगायला बनवले आहे, नेमके तेच ते इथे सांगते आहे. चढताना तीन दिवसांत मिळून पन्नास लाख शेअर खर्ची पडले आणि सात रुपये मिळाले. उतरताना चार लाखांत चार रुपये गेले. वर जायला जोर लागतो, खाली यायला लागत नाही, अशी त्या आठवड्याची परिस्थिती होती.

ही विसंगती दिसेल तिथे थांबून बघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाव वर, ईएमव्हीची सरासरी शून्याखाली: हातात शेअर असेल तर स्टॉपलॉस कुठे ठेवला आहे ते आधी तपासा. नव्याने घ्यायचा विचार असेल तर घाई करू नका. मात्र एवढ्यावरून विकून मोकळे होण्याइतके हे एक मोजमाप भरवशाचे नाही. ते का, हे पुढच्या उत्तरांत येईल.

चार्टवर सहसा १४ दिवसांची साधी सरासरी दिसते. मी पाचची काढली ती फक्त हातावर गणित करता यावे म्हणून.

रेषा शून्याजवळच रेंगाळते आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

अर्थ दोन असू शकतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणून शून्याजवळची रेषा एकटी वाचूच नये.

पहिला अर्थ: कोणालाच रस नाही. व्हॉल्यूम थोडा, पट्टा लहान, मध्य जवळजवळ जागेवर. दुसरा अर्थ: घेणारे आणि विकणारे दोघेही पूर्ण जोराने उतरलेत, प्रचंड माल हात बदलतो आहे आणि म्हणून भाव हलत नाही. वरच्या तक्त्यात सोमवारचा ईएमव्ही ० आणि गुरुवारचा ०.१. आकड्यात जवळजवळ सारखे. पण सोमवारी पाच लाख शेअर फिरले, गुरुवारी वीस लाख. सोमवारी बाजार स्वस्थ होता. गुरुवारी झुंज चालू होती.

फरक ओळखायला खालचे व्हॉल्यूमचे दांडे पुरतात. रेषा शून्याजवळ आणि दांडे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट असतील तर तिथे काहीतरी घडते आहे. ही झुंज बऱ्याच चढणीनंतर वरच्या भावाला दिसली तर मी सावध होतो. मोठ्या घसरणीनंतर खाली दिसली, म्हणजे खूप विक्री होऊनही भाव आणखी पडेना, तर तो शेअर माझ्या यादीत जातो.

ब्रेकआउटला व्हॉल्यूम मोठा हवा असे सगळे सांगतात. ईएमव्ही मात्र मोठ्या व्हॉल्यूमला कमी गुण देतो. ऐकायचे कोणाचे?

शिरपूर, शहादा, चोपडा, कुठूनही पत्र आले तरी हा प्रश्न असतोच. आणि तो योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा एखादा शेअर वर्षभर २१० च्या वर टिकत नाही. मागच्या वेळी २१० ला घेतलेले लोक अडकलेले आहेत. भाव पुन्हा तिथे आला की "मुद्दल सुटले, आता बाहेर" म्हणून ते विकतात. हा अडकलेला माल कोणीतरी घेतल्याशिवाय भाव पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे त्या पातळीवर मोठा व्हॉल्यूम लागणे स्वाभाविक आहे, आणि त्या दिवसाचा ईएमव्ही कमी येणेही स्वाभाविक आहे. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मोठा व्हॉल्यूम सांगतो की अडथळ्याला कोणीतरी भिडले. कमी ईएमव्ही सांगतो की अडथळा खरोखर जड होता.

म्हणून ब्रेकआउटच्या दिवसाचा ईएमव्ही मी फारसा मोजत नाही. त्यानंतरचे चार-सहा दिवस बघतो. अडकलेला माल खरेच संपला असेल तर पुढच्या दिवसांत नेहमीच्या व्हॉल्यूमवर भाव सरकू लागतो आणि ईएमव्ही वाढतो. भाव २१० च्या वर आहे, पण रोज तेवढाच मोठा व्हॉल्यूम लागतो आहे आणि मध्य पन्नास पैसे, रुपया एवढाच सरकतो आहे, असे दिसले तर विकणारे अजून संपलेले नाहीत. अशा ब्रेकआउटमध्ये भाव परत २१० च्या आत येण्याची शक्यता मी गृहीत धरूनच चालतो.

कापसाच्या दुकानावरची जुनी मंडळी तेजीची बातमी ऐकली की विचारतात, "भाव वर गया, पन माल कितला फिरना?" ब्रेकआउटच्या दिवशी हाच प्रश्न विचारावा. पुढच्या आठवड्यात मात्र तो उलट करून, किती कमी माल फिरून भाव टिकला असा विचारावा.

सूत्रात बंद भाव कुठेच नाही. त्याने काही बिघडते का?

बिघडते. आणि हे ठाऊक नसेल तर फसगत होते.

समजा कालचा मध्य २००. आज सकाळी एखादी बातमी आली, भाव २१२ ला गेला, मग विक्री आली आणि दिवसभर घसरत तो १९४ पर्यंत उतरला. बंद झाला १९५ ला. व्हॉल्यूम ९ लाख. आता गणित करा. मध्य २०३, सरक +३. पट्टा १८. चौकट गुणोत्तर ९ भागिले १८, म्हणजे ०.५. ईएमव्ही आला +६. मंगळवारच्या सुरेख चढणीच्या दुप्पट गुण, आणि तेही वरून आपटलेल्या दिवसाला!

कारण पट्टा मोठा असला की सूत्र त्याला सहजता समजते. तो पट्टा वर जाण्याने झाला की खाली येण्याने, हे त्याला दिसत नाही. म्हणून एखाद्या दिवशी ईएमव्ही एकदम उसळला की त्या दिवसाची कॅण्डल उघडून बघा. लांब वरची शेपटी आणि बंद भाव नीचांकाजवळ असेल तर त्या धन आकड्यावर विश्वास ठेवू नका. गॅप पडलेल्या दिवशी वेगळे होते: सरकेत गॅप धरली जाते, पट्ट्यात धरली जात नाही. त्यामुळे मोठी गॅप देऊन दिवसभर शांत राहिलेल्या शेअरचा ईएमव्ही वाटतो त्यापेक्षा कमी येतो.

अपर सर्किट लागलेल्या शेअरचा ईएमव्ही शून्य का दिसतो?

सूत्राची मर्यादा इथे सगळ्यात उघडी पडते. सर्किटला बंद असलेल्या शेअरमध्ये विकणारेच नसतात. मूठभर शेअर फिरतात आणि भाव पाच टक्के वर. यापेक्षा सहज चढण ती कोणती? पण दिवसभर सगळे सौदे एकाच भावाला झाले, तर उच्चांक आणि नीचांक सारखेच. पट्टा शून्य. सूत्र उलगडले की ते सरक गुणिले पट्टा भागिले व्हॉल्यूम असेच होते. म्हणून सरक पाच रुपये असो की पन्नास, शून्याने गुणले की शून्यच. काही सॉफ्टवेअर शून्य दाखवतात, काही ती जागा रिकामी सोडतात.

१०० चा शेअर १०५, ११०.२५, ११५.७५ असा ओळीने सर्किट मारत गेला तर ईएमव्हीची सरासरी रोज शून्याकडे उतरत जाईल. बघणाऱ्याला वाटेल जोर संपतो आहे. खरे तर त्या दिवसांत हे इंडिकेटर आंधळे झालेले असते. सर्किट सुटण्याच्या दिवशी व्हॉल्यूम एकदम फुटतो आणि पट्टाही मोठा होतो, तेव्हा रेषा कुठेही उडी मारते. अशा शेअरला ईएमव्ही लावूच नये.

छोट्या शेअरमध्ये ईएमव्ही फार उंच जातो. तेजीची खूण मानायची का?

नाही. व्हॉल्यूम भाजकात आहे, आणि भाजक लहान झाला की उत्तर फुगते. चाळीस रुपयांच्या आसपासचा शेअर घ्या. कालचा मध्य ३९, आज उच्चांक ४२, नीचांक ३९, मध्य ४०.५. व्हॉल्यूम अवघा सहा हजार. सरक १.५, पट्टा ३, आणि ईएमव्ही ७५. वरच्या तक्त्यातला सगळ्यात मोठा धन आकडा ३ होता. सहा हजार शेअर म्हणजे अडीच लाखांच्या आतली उलाढाल. एखाद्याच माणसाने बाजारभावाने ऑर्डर टाकली तरी एवढी हालचाल होते. फोनवरच्या ग्रुपमध्ये असले चार्ट "विनासायास तेजी" म्हणून फिरतात, तेव्हा आधी उलाढाल रुपयांत काढा. तुम्हाला जेवढे पैसे घालायचे आहेत ते त्या दिवसाच्या उलाढालीचा मोठा हिस्सा होत असतील तर तो सहजपणा तुमच्या कामाचा नाही. विकायच्या वेळी तोच सहजपणा भाव खाली नेईल.

याला जोडून आणखी एक फसवी गोष्ट येते. असा ७५ चा एकच दिवस १४ दिवसांच्या सरासरीत शिरला की रेषा साधारण साडेपाच अंकांनी वर जाते आणि तेवढीच वर राहते. मग पंधराव्या दिवशी तो जुना दिवस सरासरीतून बाहेर पडतो आणि रेषा धाडकन खाली येते. त्या दिवशी बाजारात काहीही घडलेले नसते. रेषेने शून्य ओलांडले म्हणून लोक विकतात, आणि कारण असते दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे. रेषा अचानक हलली की चौदा व्यवहार-दिवस मागे जाऊन बघण्याची सवय लावून घ्या. तिथे उसळी दिसली तर आजची हालचाल सोडून द्या.

दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगचा दिवस धरायचा का?

मी धरत नाही. लक्ष्मीपूजनाला बाजार तासभरच उघडतो, आणि बरेच जण शकुन म्हणून थोडेसे घेतात. तक्त्यातल्याच शेअरचा मुहूर्ताला अर्धा लाख व्हॉल्यूम, पट्टा २ आणि सरक दीड रुपया धरा. चौकट गुणोत्तर पाव, ईएमव्ही ६. सहा तासांच्या खऱ्या चढणीपेक्षा तासाभराच्या शकुनाला जास्त गुण! स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये हिशेब ठेवत असाल तर ती ओळ वगळा आणि पुढच्या दिवसाची सरक मुहूर्ताच्या आधीच्या दिवसापासून काढा. तयार चार्टवर वगळता येत नसेल तर पुढचे तीन आठवडे त्या रेषेकडे जपून बघा.

माझ्या चार्टवरचे आकडे मित्राच्या आकड्यांशी का जुळत नाहीत?

बहुतेक वेळा कारण व्हॉल्यूमला ज्याने भागतात त्या भाजकाचे असते. आपण व्हॉल्यूम लाखात धरला. ट्रेडिंगव्ह्यूवर इंडिकेटरच्या यादीत `Ease of Movement` शोधले की सेटिंगमध्ये `Length` १४ आणि `Divisor` १०००० दिसते. म्हणजे तक्त्यातला मंगळवारचा ३ तिथल्या हिशेबाने ०.३ होईल. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी भाजक दहा कोटी असतो, तिथे तोच दिवस ३००० येईल. रेषेचा आकार तिन्हीकडे तंतोतंत तोच.

दुसरे कारण एक्सचेंज. एनएसई आणि बीएसई यांचे व्हॉल्यूम वेगळे मोजले जातात. एकाने एनएसईचा चार्ट लावला आणि दुसऱ्याने बीएसईचा, तर भाव जवळपास सारखेच पण ईएमव्ही पार निराळे. जिथे त्या शेअरची जास्त उलाढाल होते तोच चार्ट कायम वापरा.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. ईएमव्हीच्या आकड्याला स्वतःचे काही वजन नाही. एका शेअरचा ५ आणि दुसऱ्याचा २ म्हणून पहिला सरस, असे होत नाही. सूत्रात भाव दोनदा येतो, सरकेत एकदा आणि पट्ट्यात एकदा, त्यामुळे महाग शेअरचा आकडा उगाच मोठा निघतो. तुलना करायची ती त्याच शेअरच्या मागच्या काही महिन्यांशी.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये कसा काढायचा?

`B` मध्ये उच्चांक, `C` मध्ये नीचांक, `D` मध्ये व्हॉल्यूम ठेवा. पहिल्या ओळीत शीर्षके, दुसऱ्या ओळीपासून आकडे. मग `E3` मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(D3=0,"",((B3+C3)/2-(B2+C2)/2)*(B3-C3)*100000/D3)
```

सरासरी `F16` पासून सुरू होईल:

```
=AVERAGE(E3:E16)
```

डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये ताजी तारीख वर असेल तर आधी क्रम उलटा करा. तसे केले नाही तर "काल" म्हणून सूत्र उद्याचा दिवस धरेल आणि बहुतेक चिन्हे उलटी येतील: चढणीला उणे, घसरणीला धन. शिवाय व्हॉल्यूमच्या आकड्यांत स्वल्पविराम असले तर कधी कधी शीट त्यांना अक्षरे समजते आणि एरर दाखवते. स्वल्पविराम काढून टाकले की काम होते.

स्प्लिट किंवा बोनसनंतर रेषा एकदम सपाट झाली. का?

जुना डेटा अर्धवट जुळवलेला असणार. हजाराच्या शेअरचे पाच झाले की भाव दोनशे होतो, आणि मागचे भावही पाचाने भागून दाखवले जातात. त्याच वेळी मागचा व्हॉल्यूम पाचपट करायला हवा. तो केला नसेल तर जुना व्हॉल्यूम खूपच थोडा दिसतो आणि जुना ईएमव्ही पाचपट फुगतो. मग स्प्लिटच्या दिवसापासून रेषा खाली बसल्यासारखी वाटते. स्प्लिटच्या आधीचा आणि नंतरचा महिना घेऊन व्हॉल्यूमचे दांडे बघा. ठरलेल्या पटीत उडी दिसली तर डेटा चुकीचा आहे.

रावेरची केळी, जळगावचा कापूस यांच्या दरांना ईएमव्ही लावता येईल का? आवक आहे, किमान-कमाल दर आहेत.

कल्पना ऐकायला चांगली वाटते, आणि बाजार समितीचे दरपत्रक समोर असले की मोह होतो. पण हे करू नये, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

शेअरचा उच्चांक आणि नीचांक हे एकाच वस्तूचे दिवसातल्या वेगवेगळ्या वेळचे भाव असतात. एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्या शेअरसारखाच. बाजार समितीचा किमान आणि कमाल दर मात्र वेगवेगळ्या प्रतीच्या मालाचे असतात. लांब धाग्याचा कोरडा कापूस एका दराला, ओला किंवा कवडी असलेला दुसऱ्या दराला, आणि कदाचित दोन्ही एकाच तासात. हा पट्टा मालाच्या प्रतीचा आहे, भावाच्या हालचालीचा नाही.

समजा काल कापसाचा किमान दर ६८००, कमाल ७४००. रात्री पाऊस झाला आणि आज भिजलेला माल आला: किमान ५८००, कमाल ७४००. सूत्र सांगेल, मध्य पाचशेने पडला, पट्टा ६०० वरून १६०० झाला, भाव अगदी सहज कोसळला. प्रत्यक्षात चांगल्या कापसाचा दर एक रुपयानेही हललेला नाही.

आवकेचेही तसेच. ती म्हणजे आलेला माल, आणि शेअरचा व्हॉल्यूम म्हणजे घेणारा-विकणारा दोघांनीही स्वेच्छेने केलेले सौदे. केळी तर कापल्यावर थांबत नाही. तोडणीच्या दिवसांत शेतकऱ्याला भाव पटो न पटो, माल काढावाच लागतो. त्या आवकेवरून खरेदीदाराचा जोर मोजता येत नाही. मंडीच्या दरांसाठी सर्वसाधारण दर आणि आवक शेजारी शेजारी मांडून बघणे पुरेसे आहे.

आणि सोने? जळगावच्या सराफ बाजाराचा भाव चालेल?

सराफाच्या दराला दिवसाचा पट्टाही नसतो आणि जाहीर व्हॉल्यूमही नसतो, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला. एमसीएक्सच्या सोन्याच्या वायद्याला लावता येतो, पण एका अटीवर. मोठ्या सोन्याचा वायदा फेब्रुवारी, एप्रिल, जून असा एक महिना सोडून असतो. दूरच्या वायद्यात सुरुवातीला व्यवहार फारच थोडे होतात, म्हणून त्याचा ईएमव्ही उंच दिसतो. तो जवळचा वायदा झाला की व्हॉल्यूम कितीतरी पटीने वाढतो आणि ईएमव्ही दबतो. सोन्याच्या मूडशी याचा संबंध नसतो. म्हणून ज्या वायद्यात त्या वेळी सगळ्यात जास्त उलाढाल आहे तेवढ्याच दिवसांचा ईएमव्ही वाचा, आणि वायदा बदलला की नव्याने सुरुवात करा. कापसाच्या वायद्यात सोन्याच्या मानाने उलाढाल इतकी थोडी असते की तिथे छोट्या शेअरची सगळी दुखणी येतात.

पाच मिनिटांच्या चार्टवर चालतो का?

रेषा दिसते, पण ती बाजारापेक्षा घड्याळच जास्त दाखवते. सकाळी सव्वानऊला आणि दुपारी साडेतीनच्या आधी व्हॉल्यूम दाट असतो, जेवणाच्या सुमारास विरळ. त्यामुळे दुपारच्या किरकोळ हालचालींचा ईएमव्ही उंच येतो आणि सकाळच्या खऱ्या हालचालींचा दबतो. त्यात रोजच्या पहिल्या पट्टीत आदल्या दिवसापासूनची गॅप मिसळलेली असते. इंट्राडेमध्ये वापरायचाच असेल तर आजच्या बाराची तुलना कालच्या, परवाच्या बाराशी करा, आजच्या साडेनवाशी करू नका. आणि दिवसाची पहिली पट्टी हिशेबातून सोडून द्या.